मजकूर सुधारा, माणूस पुसू नका

सोसायटीची स्मरणिका, शाळेचा माजी विद्यार्थी अंक, निवृत्तीच्या निमित्तानं लिहिलेल्या आठवणी, गेलेल्या माणसाबद्दलचा लेख. असं लेखन करणारी माणसं रोज लिहिणारी नसतात. पहिला खर्डा ती बोलल्यासारखा लिहितात. मग छापायला द्यायचा म्हणून तो ‘नीट’ करायला बसतात, आणि नीट करता करता लेखातून स्वतःच नाहीशी होतात. उरतो तो कुणीही, कुणाबद्दलही लिहिलेला मजकूर. हे नेमकं कुठल्या जागी होतं, ते एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरनं आठवणी लिहायला घेतल्या आहेत. त्याचा पहिला खर्डा असा:

‘मुक्कामी गाडी गावात पोचायची रात्री नऊला. गाडी लागली की पहिलं काम म्हणजे पैसे मोजायचे. हिशेब कधी लागायचा कधी नाही लागायचा, कमी पडले तर आपल्याच खिशातून भरायचे त्यामुळे पैसे मोजताना कुणी बोललं की मला राग यायचा आणि तो राग ड्रायव्हर लोकांना माहीत असल्यामुळे ते लांब जाऊन बसायचे आणि मग पैसे जुळले की मीच हाक मारायचो या आता जमलं म्हणून. त्या गावात एक म्हातारी होती ती आम्हाला रात्री भाकरी द्यायची. पैसे घ्यायची नाही. माझा मुलगा पण कुठेतरी असाच जेवत असेल म्हणायची. तो मुंबईला होता म्हणे.’

मधलं वाक्य लांबलंय, विरामचिन्हं नाहीत, हे खरं. आता तोच मजकूर छापण्यायोग्य करायचा म्हणून त्यानं, किंवा त्याच्या पदवीधर पुतण्यानं, असा फिरवला:

‘रात्री नऊ वाजता मुक्कामी बस गावात दाखल होत असे. त्यानंतर प्राप्त रकमेची मोजणी करण्यात येत असे. सदर रकमेत तूट आढळल्यास ती वैयक्तिकरीत्या भरून काढावी लागत असे. या वेळी व्यत्यय आल्यास मनस्ताप होत असे. गावातील एका वृद्ध महिलेकडून आम्हास भोजन उपलब्ध करून दिले जात असे व त्यासाठी कोणताही मोबदला स्वीकारला जात नसे. त्यांचे सुपुत्र मुंबई येथे वास्तव्यास होते.’

व्याकरणाची चूक यात एकही नाही. पण हा मजकूर नुसता रुक्ष झालेला नाही, त्यातली माहितीही कमी झाली आहे. सुधारणा करणाऱ्याला वाटतं, आपण फक्त भाषा बदलली. प्रत्यक्षात काय काय गेलं, ते पाहा.

सगळ्यात आधी क्रियापद. ‘मोजणी करण्यात येत असे’ म्हटल्यावर मोजणारा माणूस वाक्यातून उठून गेला. पैसे कंडक्टरनं मोजले, डेपोतल्या कारकुनानं की आणखी कुणी, ते कळायला मार्ग नाही. ‘करण्यात येत आहे’ ही रचना सरकारी कागदावर योग्यच असते. तिथे आदेश देणारा अमुक एक माणूस नसून ते पद असतं. अधिकारी बदलला तरी आदेश टिकावा लागतो. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याचा कारभार मराठीत आणायचा होता, तेव्हा परिपत्रकांना आणि निर्णयांना अशी कर्ता झाकणारी भाषा लागलीच. पुढे ती नोटीस बोर्डावरून, अर्जांच्या नमुन्यांवरून, बातम्यांमधून आपल्या इतकी डोळ्यांसमोर आली की ‘चांगलं लिहिणं’ म्हणजे असंच लिहिणं, असं वाटू लागलं. आठवणीत मात्र कर्ता हाच विषय असतो. तो झाकला की आठवण कुणाची, हाच प्रश्न उरतो.

मग नामं. ‘भाकरी’चं ‘भोजन’ झालं. भाकरी म्हटली की घर दिसतं, त्या घरची ऐपत दिसते, रात्री उशिरा तवा तापवणारी बाई दिसते. भोजनात यातलं काही नाही. ते लग्नातही असतं आणि अधिवेशनातही. ‘म्हातारी’ची ‘वृद्ध महिला’ झाली. कंडक्टरला ‘म्हातारी’ या शब्दात अनादर वाटत नव्हता, उलट जवळीक होती. आदर वाढवायच्या नादात ती बाई जनगणनेतला आकडा झाली. भारदस्त शब्द सहसा मोठ्या वर्गाचं नाव असतो आणि साधा शब्द त्या वर्गातल्या नेमक्या एका वस्तूचं. त्यामुळे शब्द भारदस्त केला की बहुतेक वेळा चित्र धूसर होतं.

तिसरी जागा सगळ्यात लहान आणि सगळ्यात लवकर कापली जाणारी: ‘म्हणे’, ‘च’, ‘पण’, ‘की’, ‘तर’. खर्ड्यातलं शेवटचं वाक्य आहे, ‘तो मुंबईला होता म्हणे.’ या ‘म्हणे’मुळे कळतं की लेखकानं तो मुलगा कधी पाहिला नाही, म्हातारी सांगायची, यानं ऐकलं. कदाचित गावातल्या लोकांनाही नक्की ठाऊक नसेल. ‘वास्तव्यास होते’ या वाक्यात ती शंका मेली आणि ऐकीव गोष्ट सिद्ध झाली. म्हणजे मूळ लेखक जितका प्रामाणिक होता, तितका सुधारलेला लेख राहिला नाही. ‘आपल्याच खिशातून’ यातल्या ‘च’मध्ये नोकरीभर सोसलेला जाच आहे, ‘वैयक्तिकरीत्या’ या लांबलचक शब्दाला तो पेलत नाही.

आणि दोन गोष्टी तर पूर्णच गळाल्या. लांब जाऊन बसणारे ड्रायव्हर आणि ‘या आता, जमलं’ ही हाक. म्हातारीचं मुलाबद्दलचं बोलणंही गेलं. ती मुद्दाम कुणी काढली नाहीत. ‘करण्यात येत असे’च्या चालीत ती बसेचनात, म्हणून सुटली. माणसांचं बोलणं मजकुरातून गायब व्हायला लागलं, की समजावं, भाषा चुकीच्या दिशेनं निघाली आहे.

मग खर्डा जसाच्या तसा ठेवायचा का? तसंही नाही. त्यात खऱ्या अडचणी आहेत, फक्त त्या वेगळ्या आहेत. मधल्या लांब वाक्यात श्वास तुटतो. ‘राग’ दोनदा येतो. ‘माहीत असल्यामुळे’ ही जोडणी बोलण्यातली नाही, ती लिहिताना शिरलेली आहे. कोण काय म्हणालं, ते अवतरणचिन्हांशिवाय कळत नाही. एवढंच दुरुस्त केलं तर मजकूर असा होईल:

‘मुक्कामी गाडी गावात पोचायची रात्री नऊला. गाडी लागली की पहिलं काम पैसे मोजायचं. हिशेब कधी लागायचा, कधी नाही. कमी पडले तर आपल्याच खिशातून भरायचे. म्हणून मोजताना कुणी बोललं की मला राग यायचा. ड्रायव्हर लोकांना ते माहीत, ते लांब जाऊन बसायचे. पैसे जुळले की मीच हाक मारायचो, “या आता, जमलं.” त्या गावातली एक म्हातारी आम्हाला रात्री भाकरी द्यायची. पैसे घ्यायची नाही. “माझा मुलगा पण कुठेतरी असाच जेवत असेल,” म्हणायची. तो मुंबईला होता म्हणे.’

पहिल्या वाक्यात ‘रात्री नऊला’ क्रियापदानंतर आलंय. शाळेत शिकवलेल्या क्रमात ते आधी यायला हवं. पण बोलताना आपण महत्त्वाची गोष्ट अशी मागे टाकतो आणि तिच्यावर जोर येतो. इथे उशीर महत्त्वाचा आहे, म्हणून तो क्रम राहू दिला. प्रत्येक वाक्य असं केलं असतं तर ती लकब झाली असती. नवीन शब्द मात्र जवळजवळ एकही आला नाही. चांगल्या सुधारणेची ही एक खूण आहे: ती तोडते, हलवते, गाळते, बाहेरून आणून भरत नाही.

‘केलं’ लिहावं की ‘केले’, हा प्रश्न इथे हमखास येतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ पासून चालत आलेल्या नियमांत ‘असं केलं’ ही रूपं पात्राच्या तोंडी घालायला मोकळीक आहे आणि एरवीच्या लेखनात ‘असे केले’ अपेक्षित आहे. ललित लेखनात आज दोन्ही चालतात. ‘केले’ लिहिल्यानं आवाज जात नाही. भाकरी भाकरीच राहते आणि ‘म्हणे’ही टिकतं. आवाज बिघडतो तो एका परिच्छेदात ‘केलं’ आणि पुढच्यात ‘केले’ आलं की. एक ठरवावं आणि शेवटपर्यंत पाळावं.

बोलीचंही तसंच. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी घरात वाढलेला लेखक सगळा लेख बोलीत लिहीलच असं नाही. पण वस्तूंची नावं, नात्यांची हाक आणि माणसांचं बोलणं बोलीतच ठेवावं. त्यांचं प्रमाण भाषेत रूपांतर केलं की ती माणसं दुसऱ्याच गावची होतात. लक्ष्मीबाई टिळकांना लग्न झालं तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतलं श्रेष्ठ आत्मचरित्र मानली जातात, ती घरात बसून सांगितल्यासारख्या गद्यामुळे. त्या गद्याला कुणी ‘वृद्ध महिला’ आणि ‘भोजन’ची इस्त्री केली असती, तर आज ते कुणी वाचलं नसतं.

घरी करण्यासारखी एक तपासणी आहे. सुधारणेआधी मूळ खर्ड्याची प्रत वेगळी ठेवा. सुधारून झाल्यावर कागद बाजूला ठेवून तोच प्रसंग घरातल्या कुणाला तरी तोंडी सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग ऐकत ऐकत सुधारलेला मजकूर वाचा. जिथे तुम्ही ‘मी मोजले’ म्हणालात आणि कागदावर ‘मोजणी करण्यात आली’ आहे, तिथे खूण करा. सांगताना आलेली पण कागदावर नसलेली माणसं आणि त्यांची वाक्यं नोंदवा. उलटही तपासा: तोंडी प्रत्येक वाक्याआधी येणारं ‘म्हणजे’, ‘मग काय’, ‘असं झालं की’ हे कागदावर नको. ते तुमचा आवाज नाही, पुढचं आठवेपर्यंत घेतलेला वेळ आहे.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. पेन्शनचा अर्ज, संस्थेच्या सभेचं इतिवृत्त, वकिलाची नोटीस यांत हा आवाज आणू नये. तिथे वाचणाऱ्याला लिहिणारा माणूस नको असतो, तारीख आणि मागणी हवी असते. ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ तिथे आपलं काम चोख करतात. त्यांना आठवणींच्या लेखात बोलवू नका, एवढंच. तुमचा लेख दुसरं कुणी सुधारणार असेल, तर त्याला आधीच सांगून ठेवा: शुद्धलेखन बघा, वाक्यं तोडा, पण माझी भाकरी भाकरीच राहू द्या.