तेल सुटेपर्यंत परतायचं म्हणजे नेमकं काय?

हॉटेल मॅनेजमेंटच्या लेखी परीक्षेत एक प्रश्न कायम भेटतो: ‘फोडणी, भुना आणि दम या पद्धतींमधला फरक सांगा.’ मुलं तीन व्याख्या लिहितात. फोडणी म्हणजे तेलात मोहरी-जिरं तडतडवणं, भुना म्हणजे तेल सुटेपर्यंत मसाला परतणं, दम म्हणजे कणकेनं झाकण बंद करून मंद आचेवर शिजवणं. चूक काही नाही, पण यात कृती आहे, कारण नाही. कारण शोधायचं तर आपण एकच गोष्ट विचारू या: त्या क्षणी भांड्यात पाणी किती आहे? कारण पाणी आहे तोवर पदार्थाचं तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं. आच कितीही वाढवा, पाणी लवकर उडतं एवढंच.

फोडणीचं थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या घरातलीच आहे. तिथे पाणी जवळजवळ नसतं. म्हणून तेल 100 अंशांच्या बरंच वर जातं आणि मोहरीच्या दाण्यातलं इवलंसं पाणी वाफ होऊन साल फोडतं, तोच तो तडतडाट. मसाल्यांचे वास आणि हळद-तिखटाचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात, म्हणून आधी तेल. आणि घालण्याचा क्रम हा जळण्याचा क्रम असतो. मोहरी टिकते, जिरं त्याहून कमी, आणि बारीक कोरडी पूड असलेलं तिखट तर काही सेकंदांत काळं पडतं. म्हणून ते शेवटी, गॅस बंद करून. कढीपत्ता ओला असतो, तो घातला की तेल उडतं आणि थोडं थंडही होतं. आपली आजी तिखट घालायच्या आधी कढीपत्ता घालते, त्यात हा फायदा आपोआप मिळतो.

आता भुना. इथे आपण जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. पहिला गोंधळ शब्दाचा. हिंदीत ‘भूनना’ म्हणजे शेंगदाणे कोरडे भाजणंही आणि मसाला तेलात परतणंही. मराठीत आपण भाजणं आणि परतणं वेगळं ठेवतो. त्यामुळे ‘भुना म्हणजे भाजणे’ असं लिहिलं की परीक्षकाला कोरडी कढई दिसायला लागते. भुना गोश्तमध्ये आपण परततोच, पण मधूनमधून थोडं पाणी शिंपडून.

एक उदाहरण घेऊ. अर्धा किलो कांदा उभा चिरला, जाड बुडाच्या कढईत 100 मिली तेलात टाकला. कांद्यात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणी असतं, म्हणजे अर्ध्या किलोत साधारण 440 ग्रॅम. पहिली दहा मिनिटं आपण कांदा परतत नाही, त्यातलं पाणी उडवत असतो. वाफ भरपूर, आवाज ओलसर, सतत चुरचुरणारा, आणि कांदा फक्त मऊ होतो. तांबूस होत नाही, कारण तापमान चढतच नाही. मग पाणी कमी होतं, आवाज बारीक होतो, कडा पिवळ्या, मग सोनेरी होतात. आता तापमान 100 अंशांच्या वर गेलं. कांद्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची जी प्रक्रिया रंग आणि खमंगपणा देते, ती आता कुठे जोरात सुरू होते. मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाककृतीत ‘पाच मिनिटांत कांदा गुलाबी’ असं लिहिलेलं असतं, त्यावर आमचा विश्वास नाही.

मग आलं-लसूण, कच्चा वास जाईपर्यंत. मग धणे, हळद, तिखट, पण थोड्या पाण्यात कालवून, म्हणजे करपत नाहीत. मग पाव किलो टोमॅटो. टोमॅटो आधी का नाही? कारण आंबटपणात कांदा नीट मऊ पडत नाही आणि तांबूसही व्हायला वेळ लावतो. टोमॅटो पडला की पुन्हा पाणी आलं, तापमान पुन्हा 100 वर उतरलं. परत तीच वाट बघणं.

आणि आता ते प्रसिद्ध ‘तेल सुटणं’. ओल्या मसाल्यात तेल बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात आणि कांद्याच्या गरात अडकलेलं असतं, म्हणून ते दिसत नाही. पाणी उडत गेलं की त्या थेंबांना धरून ठेवणारं काही उरत नाही. ते एकत्र येतात आणि कडेनं चमकायला लागतात. म्हणजे तेल सुटणं हा उद्देश नाही, ती खूण आहे: पाणी गेलं, आता मसाला तेलाच्या तापमानाला तळला जातोय.

एका श्रोत्यानं इथे विचारलं, ‘आमचं तेल कधीच सुटत नाही, मसाला खाली लागतो.’ बहुतेक तेल कमी आहे. तेवढं तेल सगळं गरच शोषून घेतो. उलट तेल फार असेल तर ते पहिल्या मिनिटापासून वर तरंगतं आणि मसाला कच्चा असूनही आपण फसतो. म्हणून खूण एकटी पाहू नये. झारा ओढला की मसाला गोळा होऊन कढई सोडतो का, कच्च्या टोमॅटोचा वास गेला का, आवाज बदलला का, हे तिन्ही बघा.

बुडाला तांबूस थर बसायला लागला की दोन चमचे पाणी घालून खरवडायचं. तो थर म्हणजेच चव. पाण्यानं तो सुटून मसाल्यात मिसळतो आणि करपणंही थांबतं. मटणाचे तुकडे घातल्यावर हे तीन-चार वेळा करतात, भुनाचा गडद रंग तिथून येतो. थर काळा झाला असेल तर मात्र खरवडू नका, मसाला दुसऱ्या भांड्यात काढा. कडूपणा पाण्यानं जात नाही. नॉनस्टिकमध्ये हा थर नीट बसतच नाही, त्यामुळे आम्ही लोखंडी कढई किंवा जाड पातेलं सुचवतो. दही घालायचं असेल तर फेटून, आच कमी करून, चमच्याचमच्यानं. एकदम ओतलं की फाटतं.

आता दम समजायला सोपा. कणकेनं झाकण चिकटवलं, वाफ आत अडकली, झाकणाला लागून पाणी होऊन परत खाली आली. पाणी आहे, म्हणजे तापमान 100 च्या आसपास. कणिक प्रेशर कुकरच्या रबरासारखा दाब धरत नाही, त्यामुळे कुकरसारखं 120 अंशांपर्यंत जाणं नाही. याचा अर्थ असा की दमात काहीच तांबूस होणार नाही. रंग हवा असेल तर तो आधीच आणावा लागतो. म्हणूनच हैदराबादी कच्च्या गोश्तच्या बिर्याणीत मटण कच्चं असलं तरी कांदा वेगळा तळून घालतात. त्या बिर्याणीत मटण, दही स्वतःचं पाणी सोडतात, म्हणून तांदूळ अर्धवटच उकळून, नीट निथळून थर देतात. निथळला नाही तर ते पाणी बाहेर जायला वाटच नसते आणि खालचा भात लगदा होतो. भांड्याखाली तवा ठेवतात तो आच पसरवायला. आणि झाकण मध्येच उघडून बघायचं नसतं. कणिक वाळून कडक झाली, फटीतून मसाल्याचा वास येऊ लागला, म्हणजे आत वाफ भरली आहे. तिथून पुढे आच अगदी मंद करून वेळ मोजायला सुरुवात करायची.