काकू, तुमचं ऊन दारातच राहील!

घराचं काम निघालं की शेजाऱ्यांना ते वाळूचा ट्रक दारात आल्यावरच कळतं, हो ना? कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. तिथल्या एका घरावर मजला चढवण्याआधी एका यंग आर्किटेक्टने शेजारच्या काकूंना दिलेलं हे पत्र वाचा.

‘काकू, नमस्कार. तुम्ही दारात बसून विड्या वळता, म्हणून आधी उजेडाचं सांगतो. २१ डिसेंबरला सोलापुरात भर दुपारीही सूर्य साधारण ४९ अंशांवरच असतो. तुमचं घर आमच्या उत्तरेला. मजला भिंतीलगत चढवला तर एकूण उंची ६.४ मीटर होईल आणि दुपारची सावली सुमारे साडेपाच मीटर पडेल. तुमचा उंबरठा चारच मीटरवर आहे! म्हणून वरची खोली अडीच मीटर मागे घेतोय. ती लहान होईल, पण दुपारचं ऊन तुमच्या दारात राहील. सकाळ-संध्याकाळ मात्र सावली लांबणारच.

तुमच्या बाजूची खिडकी फरशीपासून पावणेसहा फुटांवर सुरू होईल. आम्हाला उजेड मिळेल, तुमचं अंगण दिसणार नाही. गवंडी वर असतील तोवर हिरवी जाळी बांधू.

फरशी कापायचं मशीन फक्त दहा ते एक. आवाजाच्या २००० च्या नियमांत रात्र दहाला सुरू होते, आमचं काम सहालाच थांबेल.

रविवारी नकाशा घेऊन येतो. काही खटकलं तर तेव्हाच सांगा. एकदा स्लॅब पडला की खोली मागे सरकत नाही.’