अन्नजाळे

अन्नजाळे म्हणजे एखाद्या परिसंस्थेत कोण कोणाला खातो हे दाखवणारी, एकमेकांत गुंतलेल्या अन्नसाखळ्यांची आकृती होय. तिच्यातील बाण खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे जातो, कारण तो ऊर्जेची दिशा दाखवतो. विद्यार्थी पुष्कळदा तो उलटा काढतात आणि मग पुढचे सर्वच वाचन चुकते.

== ऊर्जेचा प्रवाह ==
गवतात साठलेल्या ऊर्जेचे १०,००० एकक धरले, तर ते खाणाऱ्या गुरांच्या शरीरात साधारण १,००० एकक उतरतात. उरलेली ऊर्जा श्वसनातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते किंवा शेणात राहते. हे दहा टक्क्यांचे प्रमाण केवळ सरासरी आहे. प्रत्यक्षात ते बरेच कमीजास्त असते. जनावर मेल्यावर त्याच्या शवातून गिधाडे, कुत्री, कावळे आणि शेवटी जीवाणू यांच्याकडे बाण फुटतात.

== एक जाती नाहीशी झाल्यास ==
अशा वेळी तीन प्रश्न विचारावे लागतात: ती जाती काय खात होती, तिला कोण खात होते आणि तिच्या अन्नात आणखी वाटेकरी कोण होते? भारतातील गिधाडांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ 'कोणी नाही' असे येते. त्यामुळे जाळ्यात वरच्या बाजूला उपासमार अपेक्षित नाही. परिणाम आडव्या दिशेने, म्हणजे वाटेकऱ्यांवर होणार, हे आकृतीवरूनच सांगता येते.

तसेच घडले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध शवातून गिधाडांच्या शरीरात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करत होते. विषही ऊर्जेच्याच बाणावरून गेले. एका शवावर अनेक गिधाडे जमतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे थोडी शवे दूषित असणेही विनाशाला पुरेसे ठरले. पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली.

गिधाडांच्या वाट्याचे मांस कुत्र्यांना मिळू लागले, त्यांची संख्या वाढली आणि रेबीजचा धोकाही वाढला. मुंबईत पारशी समाजाला दखम्यांमध्ये सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

== मर्यादा ==
आकृतीत कुत्रा आणि गिधाड शेजारी दिसले, तरी कुत्रा गिधाडाची जागा भरून काढत नाही. गिधाडांचा थवा गुराचे शव तासाभरातही साफ करू शकतो, आणि त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात अनेक रोगजंतू नष्ट होतात. कुत्र्यांना त्याच शवाला कितीतरी अधिक वेळ लागतो. तोवर ते सडत राहते. बाण असा वेग दाखवत नाही. म्हणून जाळ्यावरून परिणामाची दिशा सांगता येते, पण त्याचे प्रमाण सांगण्यासाठी प्रत्यक्ष मोजणीच करावी लागते.