दहापैकी साडेसहा सौदे चुकले, तरी नफा कसा?

२० दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी आणि १० दिवसांचा नीचांक तुटला की विक्री, अशी ब्रेकआउट पद्धत घेऊ. ब्रेकआउट बरेचदा फसतात, त्यामुळे यशाचे प्रमाण कमीच राहते. समजा, १०० सौद्यांत ३५ फायद्याचे, ६५ तोट्याचे ठरले. सरासरी फायदा ५,६०० रुपये आणि सरासरी तोटा २,००० रुपये, म्हणजे फायदा-जोखीम गुणोत्तर २.८.

अपेक्षित नफा, दर सौद्यामागे:
(०.३५ × ५,६००) − (०.६५ × २,०००) = १,९६० − १,३०० = ६६० रुपये

दलाली, कर आणि स्लिपेज मिळून १६० रुपये गेले, तर उरतात ५००.

ना नफा, ना तोटा: २.८ गुणोत्तराला खर्चापूर्वी १ ÷ (१ + २.८), म्हणजे सुमारे २६ टक्के यश पुरते.

घात कुठे होतो? घाईने ३,००० रुपयांवरच फायदा पदरात पाडला, तर समजा यश ४० टक्क्यांवर जाईल; पण १,२०० − १,२०० = शून्य. खर्च धरला की तोटाच.

मर्यादा: ही सरासरी दोन-तीन मोठ्या सौद्यांवर उभी असू शकते. ते वगळून गणित पुन्हा मांडावे.