दहा हजारांत किती मुलं खेळतील?

क्रीडा साहित्य मागणारे बहुतेक अर्ज 'विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी' असे सुरू होतात आणि फायलीत जाऊन बसतात. पैसे दिले तर खेळाच्या तासाला नेमकं काय बदलेल, हे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकाला त्यातून कळतच नाही.

सातवीपर्यंतची सरकारी शाळा घेऊ. समग्र शिक्षा योजनेत उच्च प्राथमिक शाळेला खेळांसाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. एवढ्यात काय घ्यायचं? मुलं क्रिकेट मागतात. पण वर्गात ४० मुलं आणि तास ३५ मिनिटांचा. एक फलंदाजी करतो, एक चेंडू टाकतो, उरलेली उन्हात उभी. एका वेळी किती मुलांच्या हातापायाला काम मिळतं, हा प्राधान्य ठरवायचा माझा निकष.

त्या हिशेबाने आठ रबरी फुटबॉल पहिले. एका चेंडूमागे पाच मुलं येतात. लहानांसाठी चार नंबरचा घ्यावा, मोठ्यांचा पाच नंबरचा त्यांना जड जातो. ४०० रुपयांचा एक धरला तर ३,२०० झाले. दोरीवरच्या उड्यांसाठी वीस दोऱ्या, १,२००. मग खो-खोचे दोन लाकडी खांब, १,८००. हे गुळगुळीत हवेत आणि जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर राहून खाली घट्ट पुरता येतील इतके लांब हवेत. बाकी खो-खोला फक्कीशिवाय फारसं काही लागत नाही. खुणेचे शंकू ८००, पंप आणि सुया ३००. हा पंपच यादीतून हमखास सुटतो, आणि मग चांगले चेंडू हवेअभावी कोपऱ्यात पडून राहतात.

एकूण ७,३०० झाले. हे दर अंदाजाचे आहेत. अर्जाला स्थानिक दुकानांची दरपत्रकं जोडावीत. उरलेले २,७०० जूनमध्ये खर्चू नयेत. खडकाळ मैदानावर दिवाळीपर्यंत दोन-तीन चेंडू फुटतातच, त्यासाठी ते राखावेत आणि तसं अर्जात स्पष्ट लिहावं. समितीला नंतर पुन्हा पैसे मागणारा माणूस आवडत नाही.

फायदा लिहिताना पदकांची आश्वासनं नकोत, मोजता येईल तेच लिहावं. आज एका तासात किती मुलं प्रत्यक्ष खेळतात, त्यात मुली किती, हे आठवडाभर मोजून आकडा अर्जात टाकावा. साहित्य आल्यावर तीच मोजणी फेब्रुवारीत करावी. जुलैत आणि फेब्रुवारीत ५० मीटर धावण्याची वेळही घ्यावी. मात्र मुलं वाढत्या वयाची असतात, सगळी सुधारणा चेंडूंच्या खात्यावर मांडू नये.

शेवटचा मुद्दा कपाटाच्या किल्लीचा. साठा नोंदवही कोण लिहील आणि शिक्षक रजेवर असताना किल्ली कोणाकडे राहील, हे अर्जातच नमूद करावं. ती मुख्याध्यापकांच्या खणात अडकली, तर नवं साहित्य वर्षभर नवंच राहतं.