हप्ता बाउन्स झाला. आता पंधरा दिवस

‘आपला विमा हप्ता खात्यातून वळता होऊ शकला नाही’ असा मेसेज आला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक घाबरतात, विमा गेलाच समजतात. दुसरे ‘पुढच्या महिन्यात दोन हप्ते जातील’ म्हणून मोबाइल बाजूला ठेवतात. माझ्या मते दुसऱ्यांची चूक जास्त महागात पडते.

समजा, मासिक हप्त्याचा टर्म विमा आहे. हप्ता १,४५० रुपये, देय तारीख ५ जुलै. त्या दिवशी खात्यात ९०० रुपयेच होते, त्यामुळे ऑटो डेबिट फसलं. मेसेज आला ७ तारखेला. मासिक हप्त्याला ग्रेस पिरियड १५ दिवसांचा असतो. तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्त्याला ३०. हे दिवस देय तारखेपासून मोजतात, मेसेज पाहिल्यापासून नाही. म्हणजे शेवटची तारीख २०, आणि दोन दिवस आधीच गेलेत. या मुदतीत विमाधारकाचा मृत्यू झाला तर दावा मिळतो, थकलेला हप्ता वजा होतो. २० नंतर मात्र पॉलिसी लॅप्स. मग ती पुन्हा चालू करायला व्याज भरावं लागतं आणि तब्येतीचं निवेदन द्यावं लागतं, कधी वैद्यकीय तपासणीही करावी लागते. मधल्या काळात मधुमेह निघाला असेल तर कंपनी हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते.

वर्षाचा हप्ता एकदम भरायच्या आरोग्य विम्याचं गणित वेगळं आहे. तिथे ग्रेसमध्ये नूतनीकरण केलं तर जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षं वाया जात नाहीत. पण पैसे न भरलेल्या मधल्या दिवसांत रुग्णालयात दाखल झालात तर तो खर्च सहसा मिळत नाही. हप्त्याहप्त्याने भरत असाल तर ग्रेसमध्येही संरक्षण असतं.

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. असे खोटे मेसेज खूप फिरतात. कंपनीचं अॅप किंवा वेबसाइट स्वतः उघडा आणि पॉलिसी क्रमांक टाकून थकबाकी पाहा. त्याआधी कंपनी पुन्हा डेबिट टाकणार आहे का, हे विचारून घ्या, नाहीतर पैसे दोनदा जातील. तारीख जवळ आली असेल तर वाट न पाहता ऑनलाइन भरा. शेवटच्या दिवशी चेक देऊ नका, तो वटला नाही तर हप्ता भरलाच नाही असं धरतात. भरल्यावर पावती घ्या आणि पॉलिसीची स्थिती पाहा: ‘चालू’ असं दिसायला हवं, आणि पुढची देय तारीख ५ ऑगस्ट झालेली असायला हवी. ती ५ जुलैच दिसत असेल तर पैसे अजून जमा झालेले नाहीत. पावती घेऊन कंपनीशी बोला.

कारण शिल्लक कमी एवढंच असेल तर मॅंडेट तसंच राहतं. बँक मात्र परतीचा दंड लावू शकते. खातं बंद झालं असेल किंवा मॅंडेट रद्द झालं असेल तर नवं नोंदवावं लागतं. त्याला काही दिवस लागतात, म्हणून ऑगस्टचा हप्ताही हातानेच भरायची तयारी ठेवा.