६४व्या मिनिटाचा प्रश्न

१८ डिसेंबर २०२२ला कतारच्या लुसेल स्टेडियममध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यावर लिहिलेल्या असंख्य लेखांचा पहिला परिच्छेद साधारण सारखाच आहे. २३व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, ३६व्याला दि मारियाचा गोल, ८०व्या आणि ८१व्याला एम्बापे, जादा वेळेत १०८व्याला मेस्सी, ११८व्याला पुन्हा एम्बापे, ३-३ अशी बरोबरी आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ने विजयी. यातलं एक अक्षरही चुकीचं नाही. पण ज्याने सामना पाहिला त्याला हे ठाऊक आहे, आणि ज्याने पाहिला नाही त्याने मोबाइलवर कधीच वाचलेलं आहे. लेखकाने स्वतः काय पाहिलं, ते यात कुठेच येत नाही.

फुटबॉलवरच्या लेखाला एक दावा लागतो, आणि तो कुणाला तरी खोडून काढता येईल असा असावा लागतो. ‘अर्जेंटिनाने जिद्दीने खेळ केला’ हे वाक्य कुणी खोडू शकत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही. ‘स्कालोनीने ६४व्या मिनिटाला दि मारियाला बाहेर काढलं आणि तिथे अर्जेंटिनाच्या हातातला सामना सुटला’ हे वाक्य मात्र खोडता येतं. त्यात माणूस आहे, वेळ आहे, आणि कारण आहे. यावर लेख उभा राहू शकतो की नाही, ते आता तपासायचं.

आधी दि मारिया त्या दिवशी काय करत होता, ते नीट सांगायला हवं. क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो मैदानात उतरलाच नव्हता. अंतिम सामन्यासाठी प्रशिक्षक लिओनेल स्कालोनीने संघात एकच बदल केला: मधल्या फळीतल्या पारेदेसच्या जागी दि मारिया. तोही त्याच्या नेहमीच्या उजव्या बाजूला नव्हे, डाव्या कडेला. समोर फ्रान्सचा जूल्स कुंदे होता. कुंदे मुळात मधला बचावपटू, या स्पर्धेत उजव्या कडेला खेळत असलेला. त्याच्या मदतीला उस्मान देम्बेले, म्हणजे बचावाची फारशी सवय नसलेला विंगर. दि मारियाने त्याच देम्बेलेला चकवलं, देम्बेलेने त्याला मागून पाडलं आणि पहिली पेनल्टी मिळाली. दुसरा गोल प्रतिहल्ल्यातून आला. मेस्सीचा हलका स्पर्श, आल्वारेझ, मॅक अ‍ॅलिस्टर, आणि डाव्या बाजूने मोकळा धावत आलेला दि मारिया. पहिल्या अर्ध्या सामन्यात फ्रान्सला गोलच्या दिशेने एकही फटका मारता आला नाही. फ्रान्सचा प्रशिक्षक दिदिए देशाँने मध्यंतराचीही वाट पाहिली नाही. ४१व्या मिनिटालाच देम्बेले आणि जिरू यांना बाहेर घेतलं.

इथवर दावा भक्कम दिसतो. ६४व्या मिनिटाला दि मारियाच्या जागी अकुन्या आला. तो मुळात डावा बचावपटू. म्हणजे कुंदेला मागे रोखून धरणारा धोका गेला आणि अर्जेंटिनाने राखण्याचा पवित्रा घेतला. त्यानंतर १६ मिनिटांनी पहिला गोल, १७ मिनिटांनी दुसरा.

घाईचा लेख नेमका इथे संपतो. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. ते तपासण्यासाठी सगळा सामना पुन्हा पाहायची गरज नाही. ६४ ते ८१ एवढाच तुकडा पुरतो. तो पाहताना कागदावर एकच गोष्ट लिहायची: अर्जेंटिनाने चेंडू परत मिळवल्यावर पहिला पास कुठे गेला. आधी तो डावीकडे दि मारियाकडे जात असेल आणि नंतर तिकडे घ्यायला कुणी नसल्यामुळे चेंडू लगेच फ्रान्सकडे जात असेल, तर दाव्याला पुरावा मिळाला. तीच नोंद ४७ ते ६४ या तेवढ्याच लांबीच्या तुकड्याचीही करावी लागते, नाहीतर तुलना कशाशी करणार?

मग दोन्ही गोल जवळून पाहायचे. पहिल्यात रँदाल कोलो मुआनी ओटामेंडीला मागे टाकून पळाला आणि ओटामेंडीने त्याला पाडलं. दुसऱ्यात किंग्सले कोमानने मेस्सीच्या पायातून चेंडू काढून घेतला, राबियोमार्फत तो एम्बापेकडे पोहोचला, तुरामशी देवाणघेवाण झाली आणि एम्बापेने चेंडू जमिनीला टेकू न देता मारला. आता या तीन नावांकडे बघा. कोलो मुआनी आणि तुराम ४१व्या मिनिटाला आले होते, कोमान ७१व्याला. त्याच वेळी कामाविंगा आला आणि ग्रीझमान बाहेर गेला. म्हणजे दोन्ही गोलांमागे देशाँचे बदली खेळाडू आहेत. शिवाय दुसऱ्या गोलात चेंडू गमावला तो मेस्सीने. दि मारिया मैदानात असता तरी तो गमावला नसता असं म्हणायला आधार काय?

या प्रश्नामुळे दावा मोडत नाही, पण आकसतो, आणि माझ्या मते आकसल्यावरच तो धारदार होतो. आता वाक्य असं होतं: स्कालोनीच्या बदलामुळे फ्रान्सला पुढे येण्याची मोकळीक मिळाली, पण त्या मोकळिकीचे गोल झाले ते देशाँने ताज्या दमाचे धावपटू आधीच उतरवले होते म्हणून. मूळ वाक्यात एकट्या स्कालोनीवर ठपका होता. नव्या वाक्यात दोन प्रशिक्षक एकमेकांना उत्तर देताना दिसतात, आणि ग्रीझमानसारखा मोठा खेळाडू बाहेर काढण्याचं धाडसही त्यात मोजलं जातं.

लेख लिहिताना हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात ठेवावं. शेवटी उघड करायला ते रहस्य नाही. निकाल एका ओळीत उरकावा. विरुद्ध बाजूचं सर्वांत बळकट म्हणणं, इथे कोमान आणि मेस्सीचा तो प्रसंग, लेखाच्या मध्यावर स्वतःच मांडावं. ते टाळलं तर सामना पाहिलेला वाचक तिथेच लेख सोडून देतो. आणि जे या दाव्याला लागत नाही ते कितीही रोमहर्षक असलं तरी सोडावं. अगदी शेवटच्या क्षणी गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने पाय लांबवून कोलो मुआनीचा फटका अडवला, तो प्रसंग माझ्या फार आवडीचा आहे. पण ६४व्या मिनिटाच्या लेखात त्याला जागा नाही. त्याचा वेगळा लेख होईल.

ज्या सामन्याचं चित्रीकरण पुन्हा पाहता येत नाही, तिथे हे काम मैदानावरच करावं लागतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर असतील तर गॅलरीतला गलका लक्ष चेंडूकडेच ओढून नेतो. लिहिणाऱ्याने प्रत्येक अर्धात दहा-पंधरा मिनिटं तरी चेंडूवरची नजर काढून एकाच जागेवर ठेवावी: समजा, पाटाकडीलचा उजवा बचावपटू. चेंडू लांब असताना तो कुठे उभा राहतो, त्याचा विंगर मदतीला मागे येतो का, आणि समोर बदली खेळाडू आल्यावर तो दोन पावलं मागे सरकतो का, हे मिनिटासकट वहीत उतरवावं. गोल कुणी केला ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सापडतं. ती दोन पावलं फक्त या वहीत असतात.